मानासाठी फाडलेले छत

मी एक जुने मंडपाचे छत आहे, आणि मी रागावलेले आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असते. मला आज ते जमणार नाही.

कोल्हापुरातल्या एका बोळात गणपतराव मंडपवाले राहतात. त्यांच्या बायकोने, धोंडुबाईने, मला शिवले. लाल, सोनेरी, हिरवा आणि भगवा असे चार लांब पट्टे तिने एकमेकांना जोडले. शिवताना म्हणाली होती, "कुणाचाबी सण असू दे, आपलं कापड रिकामं बसायचं न्हाय." आणि खरोखरच मी कधी रिकामे बसले नाही.

गौरी-गणपतीत मी लागायचे, तेव्हा बायका वर बघून म्हणायच्या, हिरवा कसा गौरीच्या साडीसारखा शोभतो. हिरवी साडी, हिरवा चुडा म्हणजे भरलेले घर. उरुसाला लागायचे, तेव्हा तोच हिरवा दर्ग्यावरच्या चादरीचा सोबती व्हायचा. तिथले लोक म्हणत, जन्नतमधल्या माणसांची वस्त्रे हिरवी असतात. नाताळात चर्चच्या अंगणात पाळक मुलांना सांगत, बर्फातही जे पान गळत नाही त्याचा हा हिरवा, आणि येशूच्या रक्ताचा हा लाल. लग्नात त्याच लालाला लोक कुंकू म्हणत. गुरुद्वाराच्या लंगरात माझा भगवा पट्टा बाहेरच्या निशाणाशी जुळायचा. बुद्धविहारात आलेल्या भिक्खूंनी मान वर करून स्वतःच्या अंगावरच्या चीवराकडे आणि मग माझ्याकडे पाहिले होते. मिरवणुकीत मात्र तोच भगवा पाहून पोरांच्या अंगात बळ यायचे. एकीकडे सगळे सोडून जाण्याचा रंग, दुसरीकडे लढायला निघण्याचा. सोनेरी पट्ट्याचे काय सांगू? तो सगळीकडे श्रीमंतच दिसायचा.

मला वाटायचे, मला रंग कळतात. प्रत्येक ठिकाणी थोडे गप्प बसून ऐकले की कळतात. माणसे तेवढेही गप्प बसत नाहीत.

यंदा खंडेनवमीला धोंडुबाईने मला विजयसिंहांच्या फाउंड्रीत नेऊन लावले. चीनहून नवे मशीन आले होते. ते बसवायला चेन नावाचे एक इंजिनियर आले होते. पूजेनंतर मशीन चालू करून द्यायचे आणि तिसऱ्या दिवशी परत जायचे, असे त्यांचे ठरले होते. मशीनला झेंडूची तोरणे बांधली. दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्यासाठी ताटात आपट्याची पाने ठेवली. हिरव्या पानाला सोने म्हणून वाटणारी ही माणसे! चेनसाहेब माझ्याखाली उभे राहून लाल आणि सोनेरी पट्ट्यांचे फोटो काढत होते. त्यांच्याकडे नव्या वर्षाला दारोदार लाल कागद लावतात आणि त्यावर सोनेरी अक्षरांत शुभ लिहितात, असे त्यांनी अनुजाला सांगितले. अनुजा तिथली तरुण इंजिनियर. साहेबांशी इंग्रजीत तीच बोलायची. हिरव्या पट्ट्याचेही त्यांनी फोटो काढले. हे नीट लक्षात ठेवा.

मग घोळ झाला. पाहुण्याच्या मानासाठी आणलेला फेटा विजयसिंहांच्या मेव्हण्याने आधीच स्वतःच्या डोक्याला बांधून घेतला होता.

"काढा की ओ त्यो," विजयसिंह त्याच्यावर खेकसले.

"आता बांधल्याला फेटा उतरवू व्हय? इज्जत हाय का न्हाय मला?"

विजयसिंहांनी इकडेतिकडे पाहिले आणि मग वर पाहिले. मला त्यांची नजर आवडली नाही.

"ह्यातला येक पट्टा काढा. हिरवा. लांबीबी पुरतीया."

"मालक, मंडपाचं कापड हाय ते," धोंडुबाई ओरडली. "डोक्याला बांधायचं न्हाय."

"नवं घिऊन देतो. पावण्याचा मान म्होरं का तुझं कापड?"

ब्लेडने टाके उसवले. जिथे उसवेनात तिथे ओढले. मित्रांनो, कापड फाटताना जो आवाज होतो त्याला तुम्ही नुसता आवाज म्हणता.

फेटेवाल्याने माझा हिरवा पट्टा पिळला, झटकला आणि चेनसाहेबांच्या डोक्याकडे नेला. साहेब दचकून मागे सरले. दोन्ही हात डोक्यावर ठेवून ते "नो, नो" म्हणत राहिले. फेटेवाला पुढे, साहेब मागे. शेवटी त्यांची पाठ मशीनला लागली.

विजयसिंहांचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. "कोल्हापूरचा फेटा नाकारतोय? आरं, मोठमोठी माणसं ह्यासाठी वाकत्यात! भरा म्हणावं मशीन पेटीत!"

अनुजाने साहेबांना विचारले. साहेब हळू बोलले, लाल होऊन बोलले. अनुजाही गोरीमोरी झाली.

"काय बोलालाय त्यो?"

"सर, नंतर सांगते."

"आत्ताच सांग!"

"त्यांच्याकडं... पुरुषानं डोक्यावर हिरवी टोपी घातली, की... त्याची बायको दुसऱ्याबरोबर हाय, असा अर्थ होतो."

सगळ्यांच्या नजरा एकमेकांच्या डोक्यांकडे गेल्या. मग मागून कुणीतरी फस्सकन हसले, कारण मेव्हण्याच्या डोक्यावरचा फेटाही हिरवाच होता.

"हसतंय कोण त्ये?" मेव्हणा गरजला.

आरतीचे ताट घेऊन उभ्या असलेल्या मीनाक्षीबाईंनी, म्हणजे विजयसिंहांच्या बायकोने, आपल्या हिरव्या साडीकडे आणि हिरव्या चुड्याकडे पाहिले. "म्हंजे आमच्या रंगावर आला की ह्यो! सौभाग्याचा रंग हाय म्हणावं, सौभाग्याचा!" त्यांनी ताट इतक्या जोरात ठेवले की निरांजन विझले.

"हिरवं दिसंल त्ये सगळं काढा," विजयसिंह म्हणाले. "पानंबी काढा."

चेनसाहेब घाईघाईने अनुजाला सांगू लागले. छतात हिरवा चालतो. भिंतीवर चालतो. साडी तर फार सुंदर आहे. हिरवा म्हणजे आमच्याकडेही वसंत. फक्त पुरुषाच्या डोक्यावर नको. अनुजाने शब्दाला शब्द सांगितले. पण तोवर ऐकायला कुणी उरले नव्हते. सगळे बोलत होते.

"मग कुठला चालतोय त्याला? ह्यो?" विजयसिंहांनी माझ्या लाल पट्ट्याकडे बोट केले.

साहेबांनी घाबरून होकारार्थी मान हलवली. लाल त्यांच्याकडे लग्नाचा, नशिबाचा. नाही कसे म्हणतील?

"मालक, न्हाय!" धोंडुबाईने खांब धरला. "तुमच्या डोक्याचा भगवा द्या की त्यास्नी. त्यो चालंल का, इचारा की."

अनुजाने विचारले. साहेब म्हणाले, चालेल, आनंदाने. पण साऱ्या कामगारांसमोर आपला फेटा उतरवायचा? विजयसिंहांचा हात डोक्यापर्यंत गेला. फेट्याला लागला. तिथून तो खाली आला आणि खांबाशी लोंबणारे माझ्या लाल पट्ट्याचे टोक धरून त्याने हिसका दिला.

लाल फेटा बांधून साहेब हसले. टाळ्या झाल्या. मशीन चालू झाले. सगळ्यांनी माझ्याखाली फोटो काढले आणि माझ्यातल्या दोन भगदाडांतून पत्रा दिसत होता. हिरव्या पट्ट्याने त्याच दुपारी कुणीतरी मशीनचे तेल पुसले.

विजयसिंहांनी नवे कापड पाठवले, हे खरे. ते वेगळ्या धाग्याचे निघाले. माझ्या शेजारी शिवले की ओढते. धोंडुबाईने दोनदा शिवले, दोनदा उसवले आणि सोडून दिले.

डिसेंबरात चर्चची माणसे आली. लाल-हिरवे छत द्या म्हणाली. धोंडुबाईने मला उलगडून दाखवले. दोन भगदाडे पाहून ती माणसे निघून गेली. उरुसवाले आले, तेही परतले. मग एका तरुण मंडळाची पोरे आली. सोनेरी आणि भगवा एवढेच पाहून ती खूश झाली. "आता कसं झ्याक दिसतंय! आधी लई खिचडी हुती."

त्या दिवशी मला सर्वांत जास्त राग आला.

मित्रांनो, कापड जपा असे मी सांगणार नाही. कापड फाटतेच. पण तुम्हाला जो रंग मानाचा वाटतो, तो समोरच्याला कसा लागतो ते ठाऊक नसताना त्याच्या डोक्याला बांधू नका. आणि तो डोक्यावर हात धरून मागे सरला, तर त्याचे ऐकेपर्यंत आपला राग आवरा. मान द्यायचा असेल तर आधी विचारा. विचारायला कापड फाडावे लागत नाही.