नूतनवहिनींचं माप

माझ्या थोरल्या जाऊबाई, नूतनवहिनी, आमच्या जांभूळ गावातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज शिवतात. पुतण्याच्या हळदीसाठी माझ्या पायलचं माप घेताना त्या चार बायकांसमोर म्हणाल्या, पोरगी छातीत एका बाजूला कमी भरलीये, घामाचा वास मारतोय, ताडमाड वाढलीये आणि पाळीचा पत्ता नाही. काहीतरी बिघाड आहे, दाखवा कुठेतरी. पायल बारा वर्षांची. त्या दिवसापासून शाळा बंद. पाठीला पोक काढून, ओढणी गुंडाळून कोपऱ्यात बसायची. माझ्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची.

तिला बदलापूरला जिज्ञासा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि मला सोडून थेट तिलाच समजावलं. या वयात एक बाजू आधी वाढते, दुसरी मागून येते. पुढे फरक कमी होतो, पण थोडाफार बहुतेक बायकांना कायमच असतो. फार दुखलं, लाली आली किंवा फरक खूपच राहिला, तर यायचं. काखेतल्या घामाच्या काही ग्रंथी आत्ता जाग्या होतात, त्या घामावर जंतू वाढतात, त्याचा तो वास. रोज काखा साबणाने धुवायच्या, कोरड्या ठेवायच्या, धुतलेले सुती कपडे घालायचे. आणि मुलींची उंची पाळीच्या आधीच झपाट्याने वाढते, मुलांची दोनेक वर्षं उशिरा. म्हणून वर्गातली पोरं सध्या बुटकी दिसतात.

"म्हणजे मी बिघडलेली नाहीये?" पायलने विचारलं. डॉक्टर नाही म्हणाल्या, तशी ती रडली.

मी रिक्षात बसले ती एकच ठरवून. वहिनींना सोडायचं नाही.

हळदीला त्याच बायका जमल्या, वहिनींनीच शिवलेले ब्लाउज घालून. पायलला मी शेजारी बसवलं.

"वहिनी, इतकी वर्षं मापं घेताय," मी मोठ्याने म्हटलं. "दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेली एक तरी बाई या अंगणात दाखवा."

त्यांतल्या विठाकाकी फिसकन हसल्या. वहिनींना म्हणाल्या, माझ्या ब्लाउजला एकीकडे जाड अस्तर तूच लावलंयस की गं. मग दुसरी बोलली, तिसरी बोलली.

"आणि तुमच्या स्वतःच्या ब्लाउजला डावीकडे," मी म्हटलं. "मी धुतलाय तो."

वहिनींचं तोंड उतरलं. खोटं कशाला बोलू, माझ्या काळजात गार वाटलं.

तेवढ्यात त्यांची उमा, पायलहून वर्षाने लहान, माझ्याजवळ आली. महिनाभर उकाड्यातही ही पोर स्वेटर काढत नव्हती. हळूच म्हणाली, काकू, मग माझंही ठीक आहे का?

मला अजून एक टोला हाणायचाच होता. "तुझ्या आईला विचार," मी म्हटलं.

उमाने मान हलवली. "आईला नको. ती सगळ्यांना सांगेल."

वहिनी दोन हातांवर होत्या. हातातली हळदीची वाटी त्यांनी खाली ठेवली, पण लेकीकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही. पायल उठली, पाठ ताठ करून, आणि उमाचा हात धरून तिला आत घेऊन गेली.