‘बाबा’नंतरचा शब्द

पान्देलिसचा कान म्हणजे काय सांगावं! जहाजावरच्या बिनतारी खोलीत त्याची हयात गेली, पण ‘पुन्हा सांगा’ असं त्यानं कुणाला कधी विचारलं नव्हतं. त्याची कोण ती मिजास! त्याच लहरीवर दहा जहाजांचे ऑपरेटर ऐकत असताना पुन्हा विचारायचं म्हणजे त्याला नाक कापून घेतल्यासारखं वाटे.

ऑगस्टमधल्या त्या दुपारी आभाळ कडाडत होतं, आणि नेमकी तेव्हाच अथेन्सहून इसिदोरोसच्या नावची तार आली. इसिदोरोस म्हणजे डेकवरचा तरणा खलाशी. घर खिओस बेटावर, बाप अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातल्या इस्पितळात. तार अशी: ‘बाबा … मंगळवारी. खचू नकोस. रविवारी बेटावर नेऊ. आई.’

‘बाबा’नंतरचा शब्द खरखरीत बुडाला. तारेच्या डोक्यावरचा शब्दांचा आकडा ताडून पाहिला, तर एकच शब्द कमी. बाकी सगळं लख्ख. ‘खचू नकोस’ असं माणूस कधी लिहितं? पान्देलिसनं बेधडक ‘वारले’ लिहिलं आणि कागद पोराच्या हाती दिला.

पोरगं मटकन खाली बसलं. संध्याकाळी उत्तर घेऊन आलं, “काका, आईला पाठवा.” पान्देलिसनं स्वतःच्या हातानं ते पाठवलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक्यानं रिवाजाप्रमाणे मृतासाठी गहू उकडले, वर साखर पेरली. सगळे वाटी घेऊन उभे राहिले.

“रविवारी पुरतील,” इसिदोरोस नाक ओढत म्हणाला. “मला माती टाकायलाही मिळणार नाही.”

पान्देलिसचा चमचा तोंडापाशी थांबला. आपल्याकडं आज गेलेला माणूस उद्या मातीआड होतो. मंगळवारचं मढं रविवारपर्यंत, तेही या उन्हात, कोण ठेवतं? अरे देवा! मग रविवारी नेतायत कुणाला? नेतायत तो जिवंत माणूस!

वाटी तिथंच टाकून तो बिनतारी खोलीकडं धावला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं: ‘बाबा’नंतरचा शब्द पुन्हा सांगा. अथेन्सनं आपली प्रत काढून पाठवला: ‘चालले’. ऑपरेशननंतर म्हातारा मंगळवारी चालला होता.

त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, “तुझा बाप बरा आहे. तो शब्द मला ऐकूच आला नव्हता. मी मनानं लिहिला.” लाजेनं त्याची मान वर होईना. शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. पण पोरगं हसत होतं, रडत होतं, त्याच्या गळ्यात पडत होतं.

मग एकदम ते थबकलं.

“काका, माझी तार?”

ती कालच पोचली होती. ‘आई, बाबांना माझा निळा सदरा घालून पुरा.’ पान्देलिसनं ती सावकाश, एकेक अक्षर सुटं करत पाठवली होती, आणि पलीकडच्यानं एकही शब्द पुन्हा विचारला नव्हता.