खिशातलं ओ पॉझिटिव्ह

रक्तपेढीच्या मुख्य टेक्निशियनला अख्खं हॉस्पिटल पाठीमागे ‘संशयबाई’ म्हणायचं, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. लेबलावरचं एखादं अक्षर पुसट दिसलं तरी त्या नमुना परत पाठवायच्या. वॉर्डातल्या नर्स चरफडायच्या, पण चोवीस वर्षांत बाईंच्या हातून चुकीची पिशवी बाहेर गेली नव्हती, तेव्हा बोलणार कोण!

त्या दुपारी मात्र बाईंच्या संशयाला कुठे बसावं तेच कळेना. दुसऱ्या मजल्यावर चाळिशीची एक पेशंट होती. गर्भाशयातल्या गाठींमुळे तीन आठवडे रक्त जात होतं आणि हिमोग्लोबिन साडेतीनवर आलं होतं. रक्त चढवल्याशिवाय ऑपरेशन करता येत नव्हतं आणि ऑपरेशनशिवाय रक्त थांबत नव्हतं. गट साधा, ओ पॉझिटिव्ह. बाईंनी फ्रिजमधून ओ पॉझिटिव्हच्या चार पिशव्या काढून क्रॉसमॅच लावली, म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा पिशव्यांतल्या पेशींशी जुळवून पाहिला, आणि चारही ट्यूबमध्ये गुठळ्या झाल्या.

पहिला संशय नमुन्यावर. कुणीतरी ट्यूब बदलली असणार. बाई स्वतः जिना चढून गेल्या, पेशंटला तिचं नाव विचारलं, स्वतःच्या हातानं रक्त काढलं आणि पलंगाशी उभं राहूनच लेबल लिहिलं. पेशंटचे ओठ कागदासारखे पांढरे पडले होते. ती म्हणाली, “सकाळी एकदा काढलं ना? परत कशाला?”

“खात्री करून घेते, ताई.”

खाली येऊन पुन्हा लावलं तर पुन्हा तेच. दोन ट्यूबमध्ये तर वरचं पाणीही लाल झालं होतं, म्हणजे पिशवीतल्या पेशी फुटत होत्या. दुसरा संशय तपासणीच्या औषधांवर. बाईंनी नवीन बाटली फोडली, फरक शून्य. मग पेशंटचा प्लाझ्मा तिच्याच पेशींशी लावून पाहिला, तर सगळं शांत. म्हणजे तिच्या प्लाझ्माचं तिच्या रक्ताशी वैर नव्हतं. जगातल्या बाकी ओ गटाशी होतं.

तिथे बाईंना एक दुर्मिळ गट आठवला. हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पेशींवर एच नावाचा पाया असतो. त्याच्यावर ए बांधला की ए गट, बी बांधला की बी गट, काहीच बांधलं नाही की ओ गट. म्हणजे ओ गटाकडे नुसता पाया असतो, आणि तोही भरपूर. या पेशंटकडे पायाच नसेल तर? ए नाही, बी नाही, म्हणून तपासणीत ती ओ दिसणार. पण तिच्या अंगात जन्मापासून एचच्या विरोधातली प्रतिपिंडं असणार, आणि ओची एक पिशवीसुद्धा तिच्या जिवावर बेतणार. एच ओळखणारा बियांचा अर्क फ्रिजच्या दारात होता. साध्या ओ पेशींत टाकल्याबरोबर गुठळ्या झाल्या. पेशंटच्या पेशींत काहीच झालं नाही.

फोन वाजला. वॉर्डचा डॉक्टर होता. “बाई, तास झाला! ओ निगेटिव्ह द्या, ते सगळ्यांना चालतं. सही मी करतो.”

“हिला नाही चालणार. ओ निगेटिव्हवरही एच असतोच.”

“तुमच्या मशीनमध्येच काहीतरी बिघाड असेल!”

“मशीन नाही, हातानं केलंय. तीनदा.” आणि बाईंनी फोन ठेवला.

डॉक्टरनं ठिणगी टाकली ती पेशंटच्या भावानं उचलली. दहा मिनिटांत तो काउंटरवर हजर झाला. त्यानं पाकिटातून प्लास्टिकचं आवरण घातलेलं कार्ड काढून आपटलं. “हे वाचा. ओ पॉझिटिव्ह. एकोणीस वेळा रक्त दिलंय मी, बारा दिवसांपूर्वी इथेच दिलंय. परक्यांना माझं चालतं आणि सख्ख्या बहिणीसाठी तुमच्याकडे रक्त नाही? काय घोळ घातलाय सांगा सरळ!”

“घोळ नाही. तिचा गट ओसारखा दिसतो, पण ओ नाही. हे आईवडील दोघांकडून येतं, म्हणून सख्ख्या भावंडात तसाच गट निघण्याची शक्यता चारात एक असते. मला तुमचं थोडं रक्त तपासायला हवं.”

त्यानं हात मागे घेतला. “परत? माझा गट तुम्हीच लिहून दिलाय की! आता तोही खोटा?”

बाईंनी कार्ड उचललं. खाली सही होती, आणि ती त्यांचीच होती.

पेशंटचा गट तपासताना ए, बी आणि ओ अशा तिन्ही पेशींशी प्लाझ्मा लावून पाहायचा, हा नियम. रक्तदात्यांच्या स्टँडमधून मात्र ओ पेशींची ट्यूब वगळलेली होती. शिबिराच्या दिवशी दोनशे नमुने यायचे, आणि दात्यांत ओच्या ट्यूबमध्ये कधी काही निघतच नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी ती ट्यूब कुणी काढली? बाईंनीच. जगावर संशय घेणाऱ्या बाईंनी स्वतःच्या त्या निर्णयाकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

“द्या हो हात,” त्या म्हणाल्या. आवाज इतका उतरला होता की भावानं मुकाट्यानं बाही वर केली.

या वेळी तिन्ही ट्यूब लावल्या. ओच्या ट्यूबमध्ये ढळढळीत गुठळी. त्याच्या पेशींत अर्क टाकला, ट्यूब हलवली, पुन्हा हलवली. रक्त गुळगुळीत वाहत राहिलं.

बारा दिवसांपूर्वी रक्त दिलेल्या माणसाचं आज पुन्हा घेता येत नव्हतं. पण त्या दिवशीची पिशवी? जुनी पिशवी आधी द्यायची, या शिस्तीमुळे ती फ्रिजच्या अगदी मागच्या रांगेत पडून होती. म्हणूनच बाईंच्या पहिल्या चारांत ती आली नव्हती. त्यांनी पिशवीच्या नळीचा तुकडा कापून क्रॉसमॅच लावली. अंगाच्या उष्णतेला अर्धा तास ठेवून भिंगाखाली पाहिलं. एकही गुठळी नाही. बाईंना रडूच आलं, पण चष्मा पुसण्याच्या निमित्तानं ते झाकलं.

सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या अंगावर उलटू शकतात, म्हणून पिशवीला आधी किरण दिले. ओचं लेबल काढून खरं लेबल लावलं आणि पिशवी स्वतः वर नेली. डॉक्टरनं ती तीनदा उलटसुलट करून पाहिली. संशयाची लागण त्यालाही झाली होती, आणि बाईंना ते आवडलं. मग दुर्मिळ दात्यांच्या यादीतले नंबर फिरवले. दुसऱ्या गावातला एक शिक्षक सकाळी यायला तयार झाला. एवढ्यावर ऑपरेशन होण्यासारखं होतं.

भाऊ खालीच बाकावर बसला होता. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. “पिशवी लागलीय. तिचा हात गरम व्हायला लागलाय.”

त्यानं मान हलवली, मग दचकून विचारलं, “म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांना रक्त दिलं, त्यांचं काय?”

“त्यांना काही झालेलं नसणार. तुमच्या पेशी ए, बी, ओ सगळ्या पॉझिटिव्ह गटांना चालतात.” पुढचं बोलायलाच हवं होतं. “तुम्हाला मात्र कुणाच्याच चालत नाहीत. बहिणीसारख्यांच्याच.”

भावानं कार्ड उलटंपालटं केलं. “हे मी रोज जवळ बाळगतो. मोटारसायकलवर फिरतो ना. रस्त्यात कुठे पडलो तर डॉक्टरांना गट लगेच कळावा म्हणून.”

“घाईत कुणी या कार्डावर विश्वास ठेवला असता तर ओ चढवलं असतं. तुम्ही वाचला नसता.”

मग त्यानं अंगठा खालच्या ओळीवर ठेवून विचारलं, “ही सही कुणाची आहे?”

“माझी,” बाई म्हणाल्या.