वीस बाय पंधरा

उद्धवरावांनी एक चूक केली. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर बोलून बसले, "सोनबादादाला तीन फुटी फोटो देऊ. भिंत भरली पाहिजे."

मूळचे लातूरचे. चाकणच्या कंपनीत प्रेसशॉपला सव्वीस वर्षं सेटर. डाय म्हणजे साचा चढवायचा, पत्रा लावायचा, मशीन सुरू करून द्यायचं. तोंडातून शब्द गेला की मागं घ्यायची सवय नाही. आणि सोनबा म्हणजे त्यांचा उस्ताद. कुरुळीचा माणूस, डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं प्रेसनं घेतलेली, शनिवारी रिटायर होणार. डाय बदलला की पहिला पीस सोनबाच्या हातात जायचा. तो पीस नाकाजवळ धरायचा, कडेनं अंगठा फिरवायचा, पसंत पडला की खडूनं बरोबरची खूण करायचा. ती खूण पडल्याशिवाय दुसरा पीस काढायची कुणाची छाती नव्हती. मॅनेजर येऊन उभा राहिला तरी.

फोटो एकच होता. आमच्याकडं गेटवर सिक्युरिटीवाला मोबाईलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर मारतो, आत फोटो काढायची सोय नाही. वर्षात एकच दिवस सूट, खंडेनवमीला, मशीनची पूजा असते तेव्हा. तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला अवधूत नावाच्या ट्रेनी पोरानं फोटो काढला होता. अडीचशे टनी चार नंबरची प्रेस, तिला झेंडूच्या माळा, आणि शेजारी टोपी घालून सोनबा. त्या प्रेसवर त्याचं सगळं आयुष्य गेलं. मागच्या दिवाळीत ती भंगारात गेली. म्हणजे दुसरा फोटो काढायचा म्हटलं तरी काढायचा कशाचा?

शॉपच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला फोटो घेऊन उद्धवराव आधी फ्लेक्सवाल्या विक्कीकडं गेले. विक्की म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. इंचाला तीनशे ठिपक्यांचा करून देतो." खटाखट बटणं दाबली आणि पेनड्राइव्हवर फाइल टाकून दिली. "फोटोपेपरवर मात्र एसटी स्टँडवरच्या फोटो लॅबमध्ये काढा. माझ्याकडं फ्लेक्सच."

लॅबमध्ये कॉम्प्युटरवर निशिगंधा बसते. चऱ्होलीची पोरगी, तिशीची असेल. बोलणं कमी, चष्म्यातून बघणं जास्त. तिनं पेनड्राइव्ह लावला, फोटो उघडला आणि तो मोठा करत करत नेला. पडद्यावर सोनबाच्या कानाएवढाच तुकडा राहिला.

"काय झालं ताई? चाळीस एमबीची फाइल हाय. चांगली जड हाय."

"जड आहे काका, पण पाणी घालून जड केलीय. मूळ फोटो आहे का? ग्रुपवर जसा आला तसा?"

उद्धवरावांनी मोबाईल पुढं केला. तिनं बघितलं. "सोळाशे बाय बाराशे. व्हॉट्सअ‍ॅपनं लहान करून पाठवलाय. तुम्हाला रुंदी किती पाहिजे?"

"तीन फूट. म्हणजे छत्तीस इंच."

"सोळाशे भागिले छत्तीस, इंचाला चव्वेचाळीस ठिपके. हातात धरून बघायचा फोटो असेल तर इंचाला तीनशे असले की एकदम कडक. दोनशेला पण चांगला येतो. चव्वेचाळीसला नाही येत."

"पण विक्कीनं तीनशे केलेत ना."

"केलेत. सोळाशे ठिपक्यांचे दहा हजार आठशे केलेत. मधले त्याच्या मशीननं अंदाजानं भरलेत. कॅमेऱ्यानं जे बघितलंच नाही, ते येणार कुठून?"

उद्धवरावांना राग आला. सव्वीस वर्षं झाली, कालची पोरगी शिकवते. "तुमी काढून तर बघा."

ती चिडली नाही. "तीन फुटी काढून वाया घालवण्यापेक्षा तुकडा काढू." तिनं सोनबाच्या तोंडाचा भाग घेतला, तीन फुटी फोटोत तो जेवढा आला असता तेवढाच ठेवला, आणि चार बाय सहाच्या कागदावर छापला. कागद बाहेर आला. उद्धवरावांनी हातात घेतला. सोनबाचं तोंड म्हणजे तिंबलेल्या कणकेचा गोळा. मिशी कुठं संपते आणि ओठ कुठं सुरू होतो, पत्ता नाही. झेंडूच्या कडेनं चौकोन चौकोन.

त्यांनी कागद उजेडाकडं तिरका धरला. मग म्हणाले, "पत्रा ताणलाय."

"काय म्हणालात?"

"आमच्यात असं असतंय ताई. वाटी दाबायची म्हटलं की आधी हिशोब, पत्र्याची चकती केवढी कापायची. चकती लहान घेतली आणि वाटी मोठी काढायला गेलं, तर पत्रा पातळ होतो, मग फाटतो. प्रेस कितीबी टनाची असू दे. ह्ये तसंच हाय."

निशिगंधा पहिल्यांदा हसली. "मग तुम्हाला मी काय सांगू? चकतीच लहान आहे. फोटो कुणी काढला त्याच्याकडून ओरिजिनल आणा. आणि विक्कीला शिव्या देऊ नका. त्याचा फ्लेक्स चौकात वर टांगतात, लोक रस्त्यावरून बघतात. तिथं चव्वेचाळीस पण खपून जातात."

उद्धवरावांना पोरगी पटली. छापायच्या आधी सांगितलं, गुणाकार भागाकार तोंडावर, आणि दुसऱ्या कारागिराची अब्रूही ठेवली. त्यांच्या शॉपमध्ये असला सेटर मिळाला असता तर सोनं झालं असतं.

अवधूत आता रांजणगावला दुसऱ्या कंपनीत. फोनवर म्हणाला, "काका, तो मोबाईल मी आईला दिलाय. राजगुरुनगरला. पण आई सारखी फोटो उडवत असते, जागा भरली म्हणून. लवकर जावा."

गुरुवारची सेकंड शिफ्ट होती. सकाळीच उद्धवराव गाडी काढून नाशिक हायवेनं निघाले. कंटेनरच्या मागं कंटेनर. डोक्यात एकच, आत्ता ती बाई फोटो उडवत असेल.

रुक्मिणीबाई दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. मोबाईल शेजारी, त्यावर कीर्तन चालू.

"खंडेनवमीचा फोटो? मशीनचा?" त्यांनी विचार केला. "कालच सगळं उडवलं बघा मी."

उद्धवराव ओट्यावर बसले ते बसलेच.

"पण झेंडूचा एक ठेवलाय. फुलं किती छान दिसतात त्यात." आणि त्यांनी काढून दाखवला. तोच. "कसलं मशीन, कोण माणूस, मला माहीत नाही. फुलांसाठी ठेवला."

"मावशी, तुमचे लई उपकार. ह्यो एवढा पाठवा या लॅबच्या नंबरला."

रुक्मिणीबाईंनी झपकन पाठवला. निशिगंधाचा फोन आला, "काका, परत सोळाशे बाय बाराशे. तुम्ही साधा पाठवलात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे लहान होणार नाही." मग दोघं चष्मे लावून बसले. हे दाब, ते दाब. एकदा फोटोच्या ऐवजी विजेचं बिल गेलं. तिसऱ्यांदा बरोबर गेला, आणि फोनवर निशिगंधाचा आवाज बदलला.

"आला. चार हजार बाय तीन हजार. थांबा, नुसता आकडा असून भागत नाही, फोकस बघते." माऊसची खटखट ऐकू आली. "फोकस आहे. हात हललेला नाही. पोरानं छान काढलाय."

दुपारी शिफ्टच्या आधी उद्धवराव लॅबमध्ये. त्यांनीच कागद ओढला आणि पेन मागितलं. "चार हजार भागिले छत्तीस. एकशे अकरा. बरोबर का?"

"बरोबर. आणि काका, खरं सांगू का, भिंतीवर उंच लावून सहा फुटांवरून बघायचा असेल तर एकशे अकरा चालून जातील. तीन फुटी करायचा तर करू. तुमचा शब्द राहील."

इथं उद्धवरावांना सुटका होती. शब्दही राहिला असता आणि ग्रुपमध्ये मानही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, आमचा सोनबा सहा फुटांवरून काय बघत न्हाई. त्यो नाकाला लावून बघतो. सगळा प्रेसशॉप तसाच. दोनशेनं किती होईल? चार हजार भागिले दोनशे, वीस. तीन हजार भागिले दोनशे, पंधरा." त्यांनी तिच्याकडं बघितलं. "वीस बाय पंधरा काढा."

"नक्की? तुम्ही तीन फूट बोललात सगळ्यांना."

"बोललो. चकतीत जेवढा माल तेवढाच पीस."

शनिवारी कॅन्टीनमध्ये फ्रेमवरचा कागद फाडला तसा मधुसूदन बोललाच. त्यांच्याच लाइनवरचा, जिभेला हाड नाही. "काय उद्धवराव, तीन फुटाचं काय झालं? धुतल्यावर आटला का?"

"आटला," उद्धवराव म्हणाले. "तू गप बस, बघ आता."

सोनबानं फ्रेम दोन्ही हातांत घेतली. आधी लांबून बघितलं, नुसतंच. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि फ्रेम नाकाजवळ नेली. प्रत्येकाला ते नाक माहीत होतं. काचेवरून अंगठा फिरत होता. माळेवरून, प्रेसच्या पट्टीवरच्या टनाच्या आकड्यावरून, स्वतःच्या अर्ध्या बोटांवरून. एका जागी अंगठा थांबला. प्रेसच्या अंगावर, माळेच्या खाली, खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं. पूजेला सगळं मशीन पुसलं तरी तेवढं त्यानं कुणाला पुसू दिलं नव्हतं.

"चारशे बारा," सोनबा म्हणाला. "शट हाइट. माझंच अक्षर हाय." प्रेस पूर्ण खाली आली की डायसाठी उरते ती उंची, मिलिमीटरमध्ये.

मधुसूदन मागून वाकून बघायला आला. त्यालाही वाचता आलं.

"मशीन गेलं तवा मला वाटलं, आता कुटं दिसायचं ह्ये." सोनबानं फ्रेम उलटी केली. खिशात हात घातला. शेवटचा दिवस असला तरी खिशात खडू होताच. मागच्या पुठ्ठ्यावर त्यानं बरोबरची खूण केली, रोज करायचा तशीच, आणि फ्रेम निरोपाला आलेल्या बायकोकडं दिली. "धर. पास हाय."

सोमवारी शिफ्ट संपल्यावर उद्धवराव लॅबमध्ये गेले. काउंटरवर गर्दी होती. एक जण मोबाईल पुढं करून सांगत होता, चार फुटी पाहिजे म्हणून. निशिगंधा फोटो मोठा करत करत नेत होती.

उद्धवराव त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दादा, ताई म्हणती तेवढाच काढा. तिच्या हातनं पास झालेला पीस परत येत न्हाई."

निशिगंधानं वर बघितलं. "काय झालं शनिवारी?"

"खडू पडला," उद्धवराव म्हणाले, आणि खडूची खूण म्हणजे काय ते तिला सांगायला स्टूल ओढून बसले.