धोंडूकाकांचे केस

दाराची कडी खडखडली आणि नुकतीच डोळा लागलेली माझी लेक स्पृहा टक्क जागी झाली. दारात शेजारचे धोंडूकाका होते, मंडळाच्या बॅनरसाठी नवा फोटो घेऊन.

"गेल्या वर्षासारखोच कर गो. आजच छापूक जातलो."

गेल्या वर्षीचं सगळं जुन्या फोनबरोबर गेलेलं. तरी मी फोटो एआयला पाठवून लिहिलं, 'आधीसारखंच कर.'

उत्तर आलं, 'आधीचं चित्र या संभाषणात नाही. अंदाजाने चेहरा बदलणार नाही. काय बदललं होतं ते सांगा, किंवा तो फोटो पाठवा.'

काका भडकले. "तीस वर्षां मंडळात आसय मी, आणि ह्येका माझो चेहरो आठवणा नाय? आणि बदल कसलो? नुसतो उजेड वाढवलेलंस ना?"

मी मान डोलावली. गेल्या वर्षीच्या फोटोत त्यांच्या टकलावर केस मीच चढवले होते. वर्षभर काका त्या फोटोच्या ऐटीत वावरले होते. आता त्यांच्यादेखत लिहायचं कसं? फोन तिरका धरून हळूच टाइप केलं, 'डोक्यावर दाट काळे केस.'

फोटो आला. खुर्चीत बसलेले काका खुलले. "बघ, आता कसो ओळखलान माका!"

स्पृहा त्यांच्या मांडीवर चढली, टकलावरून हात फिरवला आणि फोनकडे बघत म्हणाली, "आई, आजोबांचे केस फोनमध्येच का राहतात?"