इंजिनापुढे ठेवलेलं तिकीट

या, अंमळ जवळ सरा. सतरंजीवर जागा आहे. कीर्तनाला उभं राहण्याआधी बुवा टाळ जुळवून घेतात ना, तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगतो. कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि आगगाडी नुकती बडनेऱ्यापर्यंत पोचली होती, तेव्हाची.

अकोल्याजवळच्या खेड्यातल्या पार्बताबाईचा भाऊ भगवंतराव कीर्तनकार. अमरावतीला राहायचा. सहा महिने ज्वरानं अंथरुणाला खिळला होता. आता उठला, आणि आज दिवेलागणीला पुन्हा कीर्तनाला उभा राहणार होता. पार्बताबाईनं नवस बोलला होता की, उठलास तर पहिल्या कीर्तनाला मीच तुझ्या कपाळी बुक्का लावीन. कापूस वेचणीला आलेला, घरधन्याला शेत सोडता येईना; म्हणून बाई एकटीच निघाली. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत.

प्रवास झाला सुखाचा. बडनेऱ्याला उतरून ती फाटकाशी आली. तिथं तिकीट घेऊन माणसं बाहेर सोडायला अब्दुल सत्तार उभा होता. बाईनं कनवटीला हात घातला, मग गाठोड्यात, मग बुक्क्याच्या पुडीतसुद्धा पाहिलं. तिकीट कुठंच नव्हतं.

सत्तारनं तिला बाजूला उभं केलं. कायदा त्यानं सरळ सांगितला: तिकीट नाही आणि कुठून बसलो याचा पुरावाही नाही, तर गाडी जिथून निघाली तिथपासूनचं भाडं भरायचं. म्हणजे भुसावळपासूनचं. ते भरेपर्यंत फाटकाबाहेर जाता यायचं नाही. बाईजवळ तेवढं नव्हतं. बाहेर अमरावतीला जाणाऱ्या दमण्या, म्हणजे छपराच्या बैलगाड्या, जुंपल्या जात होत्या. तीन कोसांची वाट, आणि ऊन कलायला लागलेलं.

"पण म्या अकोल्यावूनच बसली ना, बाप्पा," ती म्हणाली. "मी पार्बता. तिथल्या तिकीटबाबूनं मले पाहिलं हाय."

"माय, तिकिटावर नाव नसते. नंबर असते," सत्तार म्हणाला. "नंबर याद हाय का?"

बाईला अक्षरओळख नव्हती, नंबर कुठून आठवणार? सत्तारनं मग विचारलं, तिकीट शेवटचं हातात कधी होतं. तेव्हा तिला आठवलं, आणि तिनं घडलं तसं सांगितलं.

अकोल्याला फाटकावर तिकीट दाखवून ती आत गेली, तेव्हा पुढं इंजिन धापा टाकत उभं होतं. आपल्याकडं लग्नाची अक्षत आधी देवापुढं ठेवतात, मगच गावात वाटतात. शुभकामाचा कागद देवाला दाखवल्याशिवाय पुढं कसा न्यायचा? एवढ्या लोकांना ओढून नेणारा हाही देवच. तिनं फलाटाच्या काठाशी नारळ ठेवला, त्याला टेकवून तिकीट ठेवलं, कुंकू वाहिलं, हात जोडले. तेवढ्यात शिट्टी झाली. बाई मागच्या डब्याकडं पळत सुटली, तिकीट राहिलं देवापाशी.

मागच्या रांगेतला एक व्यापारी हसला. "उद्या या इंजिनाच्या बंबापुढं बकरं कापसान तुमी," म्हणाला.

सत्तार हसला नाही. तो स्टेशनमास्तरांकडं गेला आणि त्यांना अकोल्याला तार लावायची विनंती केली. मास्तर आधी कुरकुरले. मग तारबाबू कड् कट् करू लागला. विचारलं होतं एवढंच: बडनेऱ्याचं, तिसऱ्या वर्गाचं एखादं तिकीट फलाटावर सापडलं का?

दोन दमण्या निघून गेल्या. पार्बताबाई ओठांत नाम घेत बसली होती.

उत्तर आलं. तिकीट हमालाला सापडलं होतं, कुंकू लागलेलं. नंबर आजच विकलेल्यांतला. पण मास्तर म्हणाले, ते हिचंच कशावरून? दुसऱ्या कुणी ठेवलेलं हिनं जाताजाता नुसतं पाहिलं असेल; ज्यानं ठेवलं त्यालाच सगळं नीट सांगता येईल. त्यांनी पुन्हा तार लावली: तिकिटाजवळ काय काय होतं? उत्तराचा कागद उलटा ठेवून त्यांनी बाईला विचारलं.

"नारळ, कुंकू," ती म्हणाली. आणि थांबून, "न् एक कापसाचं बोंड. पयल्या वेच्याचं, आमच्या शेतातलं. त्याले सात वेढे हळदीचं सूत."

मास्तरांनी कागद उलटून सत्तारपुढं धरला. सत्तारनं मोठ्यानं वाचलं: नारळ, कुंकू, हळदीचं सूत गुंडाळलेलं बोंड.

मास्तरांनी हातानं एक कागद लिहिला, नंबर घातला, शिक्का मारला. मूळ तिकीट उद्याच्या गाडीनं गार्डाबरोबर येणार होतं. तोवर त्याच्या जागी हा. बाईनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि सवयीनं कपाळाला लावू लागली.

"माय, हा देवापुढं ठेवू नका," सत्तार म्हणाला. "इथंच मले द्या."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. डोळे मात्र भरलेले.

शेवटची दमणी सत्तारनंच हाक मारून थांबवली होती. पार्बताबाई देवळात पोचली तेव्हा भगवंतराव उभा होता, वीणा गळ्यात, नजर दाराकडं. नमन सुरू केलं नव्हतं. लोक ताटकळले होते. तिनं बुक्का लावला, आणि मग त्याचा आवाज लागला.

आता बुवा टाळ उचलतायत. पहिला गजर कराल तेव्हा, माझ्या मायबापहो, फाटकावरच्या त्या अब्दुल सत्तारची आठवण तेवढी ठेवा.