बसलेली लव

गालिच्यावर एक वाट होती.

हॉलमध्ये, मधल्या टेबलाभोवती. खिडकीपासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत, तिथून सोफ्याच्या मागून वळसा घालून परत खिडकी. बाकी गालिच्याची लव बरी उभी होती. या वाटेवर ती आडवी पडलेली, सपाट, उन्हात जराशी चमकणारी.

माझ्या सासऱ्यांची वाट. दम लागायला लागला तसं डॉक्टरांनी त्यांचं बाहेर फिरणं बंद केलं, मग ते हॉलमध्येच फिरायला लागले. हात पाठीमागे बांधून. सोफ्यामागे वळताना डावीकडे किंचित झुकायचे, कारण डावा गुडघा दुखायचा. चिमणी झाली, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा तिला खांद्यावर टाकून त्याच वाटेने.

दीड वर्षापूर्वी ते गेले. वाट राहिली.

बोका त्यांच्यानंतर जन्मला.

*

बोका, माझा धाकटा, रांगायला लागला आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. अख्खा हॉल मोकळा असताना तो खिडकीकडून निघायचा, कपाटापर्यंत जायचा, सोफ्यामागे शिरायचा.

आणि तिथे डावीकडे झुकायचा.

"सपाट रस्ता दिसला की गाडी तिथूनच जाते," नवरा म्हणाला. "त्यात एवढं काय?"

"झुकतो का मग?"

"तू त्याला आज काय खायला घातलंस ते सांग आधी."

*

सासरे गेल्यापासून दर शनिवारी मी व्हॅक्यूमला ब्रश लावून त्या वाटेवरची लव उलट दिशेने उठवायची. थोडी उठायचीही. गालिचा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा. तो धागा हट्टी असतो, एकदा दबला की पुरता वर येत नाही, पण शनिवारी संध्याकाळी वाट निदान पुसट व्हायची.

आठवड्याच्या मध्यापर्यंत ती पुन्हा पहिल्यासारखी.

सोफ्यामागून चालण्याचं घरात कुणालाच कारण नव्हतं. नवरा दिवसभर ऑफिसात. मी आतल्या खोलीत, दार लावून, कामाच्या कॉलवर. सासूबाईंचे गुडघे इतके धरलेले, की पाण्याचा ग्लासही त्या चिमणीकडून मागवायच्या. बोका तर हाताएवढा, त्याच्या वजनाने काय बसणार?

मला तो गालिचा घरातून हवा होता. पण 'गालिचा चालतो' असं कुणाला सांगणार? मी सांगितलं, वास येतो. ते खोटं नव्हतं.

*

"वास गालिच्याला नाही हो ताई," गालिचेवाला म्हणाला. त्याने एक कोपरा उचलला आणि आम्ही दोघांनी नाक दाबलं. "हा धागा पाणी पीत नाही. दूध सांडलं की वरून तुम्ही पुसता, स्वच्छ दिसतं. बाकीचं फटीतून खाली उतरतं. खालच्या फेल्टने, त्या जाड अस्तराने, प्यायलंय सगळं."

सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "फेल्ट बदला मग. वरचा राहू दे."

"काकू, वरचा पण दमलाय आता."

"दमू दे. आम्ही नाही का दमलो? आम्हाला कुठे बदलता?"

नवरा हसला. मी नाही हसले.

गालिचेवाल्याने पिशवीतून चार तुकडे काढले, पायपुसण्याएवढे. ज्यूट, लोकर, नायलॉन, आणि आहे तसलंच नवं पॉलिप्रॉपिलीन. म्हणाला, "माझ्या तोंडावर जाऊ नका. आठवडाभर पोरांच्या ताब्यात द्या. जिथे वर्दळ जास्त तिथे टाका."

मी चारही तुकडे त्या वाटेवर टाकले. एकामागे एक. मुद्दाम.

*

ज्यूट. दिसायला देखणा. बोक्याने त्यावरून एक फेरी मारली आणि त्याचे गुडघे लाल झाले. चिमणीने पाणी सांडलं, ते वाळलं तसा तिथे चहासारखा तपकिरी डाग उमटला. नुसत्या पाण्याचा. शिवाय धाग्यांचा भुसा. बाद.

*

लोकर. बोका त्यावर गाल टेकून पडून राहिला. नवी होती म्हणून तिचे तंतू सुटत होते. मी त्याच्या ओल्या मुठीतून काढले, तोंडातूनही. लाल सरबत वर थेंबासारखं उभं राहिलं. लगेच टिपलं तर निघालं. दुसऱ्यांदा मी फोनवर होते, तेव्हा मुरलं. गालिचेवाल्याने आधीच बजावलं होतं की सोफ्याखाली, कपाटाखाली नजर ठेवा, कसर लागते. किंमत त्याने दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा नवऱ्याने ऐकू आलं नाही असं दाखवलं.

*

नायलॉनवर टेबलाचा पाय रात्रभर ठेवला. सकाळी खळगा होता, संध्याकाळपर्यंत लव परत उभी. सरबताचा गुलाबी डाग मात्र त्याने धरून ठेवला. त्यावर डाग न धरण्याची प्रक्रिया केलेला माल मागा, असं कळलं. कोरड्या हवेत चिमणी त्यावर पाय घासून बापाला बोट लावायची आणि दोघंही 'चट्' म्हणायचे.

*

चौथा. पॉलिप्रॉपिलीन. सरबत पुसलं की गेलं, जणू सांडलंच नव्हतं. चिमणीने खेळातली लोखंडी गाडी त्यावरून जोरात ओढली, तर चकाकणारी रेघ उठली. घासण्याच्या उष्णतेनेही हा धागा वितळतो.

आणि बुधवारी, मधोमध, पावलाच्या रुंदीचा बसलेला पट्टा.

मी त्यावर माझं पाऊल ठेवून पाहिलं. मोठ्या माणसाचं पाऊल. लोकरीवरही होतं, थोडं. नायलॉनवर काहीच नव्हतं, पण नायलॉन कुणाचं नाव सांगत नाही.



"चिमणे, यावर कोण चाललं?"

ती चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "आजोबा."

"आजोबा नाहीत ना आता?"

"चालतात ना. तू दार लावून बोलतेस तेव्हा."

*

गुरुवारी मी दार लावलं. लॅपटॉपवर कालच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग लावलं, माझाच आवाज खोलीत बोलत राहिला, आणि मी दाराला कान लावून उभी राहिले.

चटक. चटक.

रबरी सपाता. सासऱ्यांच्या सपाता अशाच वाजायच्या, टाच उचलली की चटक. त्या आम्ही कुणी टाकल्या नव्हत्या. कुठे आहेत हेही मी कधी विचारलं नव्हतं.

मला दार उघडायचं नव्हतं. पण बाहेर माझी मुलं होती.

*

सासूबाई चालत होत्या.

पायात त्यांच्या पावलांना मोठ्या झालेल्या सपाता. हात पाठीमागे. त्यांच्या मागे चिमणी, तिचेही हात पाठीमागे. चिमणीच्या मागे बोका, रांगत. सोफ्यामागे वळताना सासूबाई डावीकडे झुकल्या. चिमणी झुकली. बोका झुकला.

त्यांनी मला पाहिलं आणि खिडकीशी थांबल्या. थोडी धाप लागली होती.

"दर आठवड्याला ही वाट फिकी होते," त्या म्हणाल्या. "शनिवारी असते, रविवारी नसते. मला वाटलं, जातेय. म्हणून जरा बसवते."

  दर शनिवारी मी उठवत होते आणि त्या बसवत होत्या. धरलेल्या गुडघ्यांनी. दीड वर्ष.

"आई, व्हॅक्यूम मी मारते. वाटेवर. मुद्दाम."

 त्या खुर्चीत बसल्या आणि सपाता काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या.

"भीती वाटायची का तुला?"

"हो."

"मलाही वाटायची," त्या म्हणाल्या. "ती गेली तर, म्हणून."

*

गालिचेवाला तुकडे न्यायला आला तेव्हा सासूबाईंनी त्याला एकच विचारलं.

"कशावर पाऊल राहतं?"

त्याने धंद्याच्या सवयीने नायलॉन पुढे केला. "यावर नाही राहत काकू. हात फिरवा, उभी."

"राहतं कशावर, ते विचारतेय."

"या पॉलीवर. वर्ष-दोन वर्षांत बसेल. खोटं कशाला बोलू? पाहताय की."

"मग हाच द्या."

"आई," मी म्हटलं.  बोका त्यांच्या खुर्चीच्या पायाला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता. त्याला त्या वाटेवर वाढवायचं नव्हतं मला, आणि हे त्यांना तोंडावर सांगायचंही नव्हतं.

गालिचेवाला दोघींकडे आळीपाळीने बघत होता. त्याने बरीच घरं पाहिली असावीत. "एक मिश्र येतो," तो म्हणाला. "ऐंशी लोकर, वीस नायलॉन. लोकर मऊ, नायलॉनने टिकाऊ. आमच्या दुकानात त्याला सासू-सून म्हणतात."

"सासू किती टक्के?" सासूबाई म्हणाल्या.

"ते तुम्ही दोघींनी ठरवा."

"पाऊल?"

"राहतं. आणि उठतं. वाफ दिली तर लगेच. नाही दिली तर ज्याच्या त्याच्या वेळाने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू वाफ देणार?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही रोज चालणार?"

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "नाही आता."

*

जुना गालिचा गुंडाळताना खालचा फेल्ट उघडा पडला. सगळीकडे दुधाचे पिवळे डाग, आणि मधून ती वाट, वरच्यापेक्षा स्पष्ट. तेवढ्या भागात फेल्ट पार झिजून भुगा झाला होता. गालिचेवाला म्हणाला, मी झाडतो. सासूबाईंनी त्याच्या हातातून केरसुणी घेतली. खिडकीपासून सुरुवात केली, कपाट, सोफ्यामागे वळसा. भुगा सुपलीत भरला, कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात धुतले.

सपाताही त्यांनी त्याच डब्यात टाकल्या.

*

नवा गालिचा राखाडी आहे. काही आठवडे तंतू सोडत होता, आता थांबला. सरबत घेऊन हॉलमध्ये यायला बंदी आहे. फक्त नवऱ्याला ती लागू करता येत नाही. मी व्हॅक्यूम सगळीकडे सारखा मारते. वासही गेलाय.

काल बोका चालला.

सासूबाई त्यांच्या खोलीत झोपल्या होत्या, त्यांचं घोरणं मला ऐकू येत होतं. चिमणी शाळेत. बोका खिडकीशी उभा होता, त्याने धरलेला पडदा सोडला आणि निघाला. मला वाटलं, माझ्याकडे येईल. मी हात पसरले.

तो कपाटाकडे गेला. कपाटापाशी वळला. दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत अडकले नाहीत, तरी तसेच धरले. सोफ्यामागे डावीकडे झुकला आणि पडला नाही.

शिकलाय तो, मी स्वतःला सांगितलं. आजीकडून. मागे रांगत रांगत.

खिडकीशी पोचून तो मागे वळला, कुणीतरी मागून येतंय आणि त्याच्यासाठी थांबायचंय, तसा. मग हसला. माझ्याकडे बघून नाही.

त्याच्या छोट्या पावलांचे ठसे गालिच्यावर होते. माझ्या डोळ्यांदेखत लव उठायला लागली, एकेक ठसा मिटत गेला.

सोफ्यामागे मात्र एक मोठा होता. माझा असेल. सकाळी मी तिथे उशी उचलायला गेले होते, बहुतेक.

वाफेची इस्त्री तिथेच टेबलावर होती, पाणी भरलेली. मी ती लावली नाही. बोक्याला कडेवर घेतलं, सोफ्याच्या हातावर बसले, आणि तो मोठा ठसा त्याच्या वेळाने उठण्याची वाट बघत राहिले.